जखम दिसली तेवढीच लिहावी

समजा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक हवालदार चाळिशीच्या एका शेतकऱ्याला घेऊन येतो. बांधावरून भावकीत जुंपली होती. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं भिजलाय, आणि डावा हात त्यानं उजव्या हातानं सांभाळून धरलाय. हवालदाराच्या हातात पोलीस ठाण्याची यादी आहे. ‘सदर इसमास कोयता व काठीने मारहाण झालेली असून त्यास वैद्यकीय तपासणी व उपचार होऊन दाखला मिळणेस विनंती.’ ड्यूटीवर एकच वैद्यकीय अधिकारी, बाहेर तापाचे पेशंट, लेबर रूममध्ये एक बाई. या धावपळीत तो डॉक्टर जो एक पानी कागद भरणार आहे, त्यावरच्या दोन-तीन शब्दांवर कोणाला घरी सोडायचं, कोणाला आत ठेवायचं आणि किती वर्षं, हे पुढे ठरू शकतं. या कागदाला रुग्णालयात ‘एमएलसी’चा दाखला म्हणतात, कोर्टात जखमेचं प्रमाणपत्र म्हणतात.

हा प्रसंग मी रचलेला आहे, पण यातलं काहीही विरळा नाही. तो कागद नीट कसा लिहावा आणि त्यात अतिशयोक्ती कुठून शिरते, हे या एकाच पेशंटच्या निमित्तानं पाहता येईल.

उपचार आधी, कागद नंतर, हा पहिला नियम. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं तो अगदी निःसंदिग्धपणे सांगितला आहे. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असं कुठल्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. पण पेशंट शुद्धीवर असेल, नाडी-रक्तदाब ठीक असेल, तर टाके घालण्यापूर्वीची पाच मिनिटं फार मोलाची असतात. कारण टाके पडले की जखमेच्या कडा जुळतात, आणि त्या कडांमध्ये जे लिहिलेलं असतं ते कायमचं मिटतं. एखादा पेशंट आधी खाजगी दवाखान्यात टाके घालून मग सरकारी रुग्णालयात येतो. अशा वेळी सरकारी डॉक्टरनं ‘टाके घातलेली जखम, लांबी इतकी, टाके इतके’ एवढंच लिहावं. ती जखम धारदार हत्याराची की बोथट, हे त्याला कळायला मार्ग नाही. आधीच्या डॉक्टरनं काही टिपून ठेवलं असेल तर पोलिसांनी ते मागवावं. तरीही अशा दाखल्यांवर ‘धारदार शस्त्र’ असं बिनदिक्कत लिहिलेलं आढळतं, कारण यादीत तसं असतं.

आपल्या पेशंटला अजून टाके पडलेले नाहीत. डॉक्टर रजिस्टरमध्ये नाव, वय, तपासणी सुरू केल्याची वेळ, सोबत आलेल्या पोलिसाचा बक्कल नंबर आणि पेशंटच्या अंगावरच्या दोन खुणा लिहितो. उजव्या गालावर तीळ, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण. चार वर्षांनी कोर्टात हाच तो माणूस हे सांगायला त्या उपयोगी पडतात. मग पेशंटची संमती, अंगठा. मग हकीकत. ही हकीकत पेशंटच्याच शब्दांत, ‘पेशंटने सांगितले की’ अशी सुरुवात करून लिहायची. ‘आज संध्याकाळी सातच्या सुमारास शेतात चुलतभावाने कोयत्याने डोक्यात व काठीने पाठीवर आणि हातावर मारले.’ इथे डॉक्टर स्वतः काहीच म्हणत नाही, तो फक्त ऐकलेलं नोंदवतो. पेशंटच्या तोंडाला दारूचा वास येत असेल तर तोही लिहायचा, पण कसा? ‘तोंडाला दारूचा वास. बोलणे स्पष्ट, चाल स्थिर, प्रश्नांची उत्तरे सुसंगत.’ ‘नशेत होता’ असं लिहिलं की तो निष्कर्ष झाला, आणि तोही रक्त तपासल्याशिवाय काढलेला.

आता डोक्याची जखम. टॉवेल काढला, सलाइनने रक्त धुतलं. कानाच्या वर ७ सें.मी. आणि डोक्याच्या मधल्या रेषेपासून डावीकडे ६ सें.मी. अशा ठिकाणी एक सरळ रेषेत फाटलेली जखम आहे. लांबी ५ सें.मी., रुंदी अर्धा सें.मी., खोली हाडापर्यंत. पाहताक्षणी कोणीही म्हणेल की कोयत्याचा वार आहे. पेशंट तसंच सांगतोय, यादीत तसंच आहे. आणि नेमकी इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

डोक्याची कातडी कवटीवर ताणून बसवलेली असते, मधे मांसाची गादी जवळजवळ नसते. अशा ठिकाणी काठीचा फटका बसला की कातडी काठी आणि हाड यांच्यात चिरडून सरळ रेषेत फाटते, अगदी चाकूने कापल्यासारखी. भुवईवर आणि नडगीवरही असंच होतं. फरक ओळखायचा तर भिंग हातात घ्यावं लागतं. धारदार पात्यानं कापलं तर कडा स्वच्छ असतात, जखमेच्या तळापर्यंत सगळं एकसारखं कापलेलं असतं आणि रेषेत आलेले केस मधोमध छाटलेले दिसतात. बोथट वस्तूनं फाटलं तर कडा जवळून पाहिल्यावर दातेरी, खरचटलेल्या, कडेनं थोड्या काळ्यानिळ्या दिसतात. जखमेच्या दोन भिंतींना जोडणारे बारीक तंतू मधे शाबूत राहिलेले असतात, कारण नसा आणि चिवट ऊती ताणल्या जातात पण सगळ्या तुटत नाहीत. केसांची मुळं ठेचलेली असतात. आपल्या पेशंटच्या जखमेत कडा खरचटलेल्या आहेत, आणि खोलवर तीन-चार तंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेले स्पष्ट दिसतात. म्हणजे ही कापलेली जखम नाही; ठेचून फाटलेली आहे. रुग्णालयाच्या बोलीत ‘सीएलडब्ल्यू’.

डॉक्टरनं इथे कोणाची बाजू घेतलेली नाही. पेशंट खोटं बोलतोय असंही नाही. अंधारात, रक्त डोळ्यांत येत असताना, समोरच्याच्या हातात कोयता दिसला असेल तर वार कोयत्याचाच वाटणार. कोयत्याची उलटी, बोथट बाजू लागली असणंही शक्य आहे. हे ठरवणं न्यायालयाचं काम. डॉक्टरनं फक्त एवढं लिहायचं: ‘कडा अनियमित व खरचटलेल्या, तळाशी ऊतींचे दुवे शाबूत, केस छाटलेले नाहीत. जखम कठीण व बोथट वस्तूने होण्याजोगी.’ यातलं पहिलं वाक्य निरीक्षण आहे, दुसरं मत. मताच्या आधी निरीक्षण असलं की कोर्टात दुसरा तज्ज्ञ, वकील किंवा न्यायाधीश ते मत तपासून पाहू शकतो. १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञाचं कर्तव्य असंच मांडलं आहे. निष्कर्ष तपासण्यासाठी लागणारे शास्त्रीय निकष तज्ज्ञानं न्यायाधीशाला द्यायचे, आणि न्यायाधीशानं आपलं मत स्वतः बनवायचं. नुसतं ‘कोयत्याची जखम’ लिहिलेल्या दाखल्यात तपासण्यासारखं काहीच उरत नाही.

पेशंटच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, तिरका मुका मार आहे. ११ सें.मी. लांब, दोन समांतर लाल रेषा आणि मधला पट्टा फिकट. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत याला रेल्वेच्या रुळांची उपमा देतात. काठी किंवा सळईसारखी गोल, लांबट वस्तू जोरात आपटली की तिच्याखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं, आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फुटतात. म्हणून कडा लाल आणि मध फिकट. हे दृश्य इतकं ठरावीक असतं की इथे डॉक्टर जरा ठामपणे बोलू शकतो. पण इथेही एक मोह असतो, ‘अत्यंत जोराने मारलेला फटका’ असं लिहिण्याचा. मुक्या माराच्या आकारावरून जोर मोजता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला किंवा डोळ्याभोवतीच्या सैल कातडीला साध्या धक्क्यानंही मोठा काळानिळा डाग पडतो. उलट तगड्या माणसाच्या पाठीवर जबर फटकाही थोडक्यात निभावतो.

मुक्या माराच्या रंगावरून त्याचं वय सांगणं हा आणखी एक जुना विषय. लाल, मग निळा, मग काळपट, हिरवा, पिवळा आणि पंधरवड्याच्या आसपास नाहीसा, असा क्रम पुस्तकात असतो आणि परीक्षेत विचारला जातो. प्रत्यक्षात तो माणसागणिक आणि जागेगणिक बदलतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागात साकळलेलं रक्त तर हिरवं होतच नाही, लालच राहून शेवटी पिवळसर होतं. पुढच्या संशोधनातून बऱ्यापैकी टिकलेली एकच गोष्ट म्हणजे १८ तासांच्या आत पिवळा रंग दिसत नाही. तेव्हा पिवळा डाग पाहून ‘हा आज सकाळचा नाही’ असं म्हणता येईल, पण ‘हा बरोबर पाच दिवसांपूर्वीचा’ असं म्हणता येणार नाही. आपल्या पेशंटच्या रेषा लालभडक आहेत, डोक्यातून अजून ओलं रक्त येतंय. दाखल्याच्या ‘जखमेचे वय’ या रकान्यात डॉक्टरनं ‘२४ तासांच्या आतील, सांगितलेल्या वेळेशी सुसंगत’ असं लिहिलं तर ते प्रामाणिक आहे. ‘अडीच तासांपूर्वीची’ असं लिहिलं तर तो अंदाज पेशंटच्या हकीकतीतून उचललेला आहे, जखमेतून नाही, आणि उलटतपासात ते दहा मिनिटांत उघडं पडतं.

या रंगाच्या खेळातूनच एक गावाकडची करामत जन्माला आली आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लावलं की तिथे काळपट डाग उठतो आणि लांबून तो मुक्या मारासारखा दिसतो. विरोधकावर केस घालण्यासाठी हा प्रकार पूर्वापार चालत आला आहे. तो ओळखणं फारसं कठीण नाही. डागाच्या कडेला बारीक पाणीदार फोड असतात, कडा वेड्यावाकड्या असतात, आग आणि खाज सुटते, खाजवून तो पसरतो आणि कधी कधी लावणाऱ्याच्या बोटांच्या टोकांवरही तसलाच डाग सापडतो. पाठीच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे, असा डाग सहसा नसतो. आता असा पेशंट आला तर डॉक्टरनं काय लिहावं? ‘बनावट केस’ असं अजिबात नाही. ‘काळपट डाग, कडेला पाणीदार फोड, खाजवल्याच्या खुणा, दाहक रसायन किंवा वनस्पतीच्या रसाने होण्याजोगा, मुक्या माराशी विसंगत.’ तो कोणी लावला, का लावला, हे पोलिसांनी शोधावं. संशयितासाठीही अतिशयोक्ती टाळायची असते, फक्त फिर्यादीसाठी नाही.

परत आपल्या शेतकऱ्याकडे. डावा हात कोपर ते मनगट सुजलाय. एक्स-रे काढल्यावर दिसतं की करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलंय आणि अंगठ्याच्या बाजूचं शाबूत आहे. डोक्यावर येणारा फटका चुकवायला माणूस हात आडवा वर धरतो तेव्हा हेच हाड पुढे येतं आणि फटका थेट त्याच्यावर बसतो. एरवी माणूस पडला तर हात टेकवतो, आणि तेव्हा बहुधा अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. म्हणून या हाडमोडीचं पेशंटच्या हकीकतीशी चांगलं जुळतं. तरीही दगडाच्या धारेवर हात आपटून असंच मोडणं अशक्य नाही, आणि तेवढी फट डॉक्टरनं आपणहून उघडी ठेवायला हवी.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘जबर दुखापत’ कशाला म्हणायचं ते कलम ११६ मध्ये आठ प्रकारांत सांगितलं आहे. जुन्या दंडविधानात हेच कलम ३२० होतं. डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा जाणं किंवा कायमचा अधू होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, असे ते प्रकार आहेत. शेवटचा प्रकार असा की जी दुखापत जिवाला धोका निर्माण करते, किंवा जिच्यामुळे माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपली नेहमीची कामं करू शकत नाही. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. या आठांत जे बसत नाही ती साधी दुखापत. नुसती साधी दुखापत म्हणजे बहुतेक वेळा अदखलपात्र गुन्हा, पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘एनसी’, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. जबर दुखापत ठरली की कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते. आणि भोसकणाऱ्या, कापणाऱ्या किंवा जिवावर बेतू शकेल अशा हत्याराने जबर दुखापत केली असं सिद्ध झालं, तर किमान एक वर्ष ते थेट जन्मठेप. म्हणजे ‘बोथट’ऐवजी ‘धारदार’ असा एक शब्द बदलला की माणूस एका कलमातून दुसऱ्यात जातो.

आपल्या पेशंटच्या हाताचं हाड मोडलंय, म्हणून ती एक जखम जबर दुखापत. इथे वाद नाही, फक्त एक्स-रेची प्लेट, तिच्यावरचा क्रमांक आणि रेडिऑलॉजिस्टचा अहवाल फाइलला लागला पाहिजे. प्लेट कोर्टात आलीच नाही म्हणून हाडमोडीचा पुरावा लंगडा पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. एक्स-रे दुसऱ्या दिवशी होणार असेल तर त्या रात्री ‘जबर’ किंवा ‘साधी’ काहीच न लिहिता ‘मत राखून ठेवले’ असं लिहिणं हेच योग्य. काही डॉक्टरांना ते अपुरं वाटतं, पोलीस तगादा लावतात, पण घाईत दिलेलं मत नंतर मागे घेणं फार महाग पडतं.

पाठीचा मुका मार साधा. प्रश्न डोक्याचा. अनेक दाखल्यांत डोक्याची प्रत्येक जखम जबर म्हणून नोंदली जाते, कारण डोकं हे मर्मस्थान. हे कायद्यात कुठेही नाही. जखम कुठे आहे यावर नाही, तिनं काय केलं यावर ती जबर ठरते. आपला पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे, उलटी नाही, बाहुल्या सारख्या आहेत, जिल्हा रुग्णालयात पाठवून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू ठीक आहेत. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे टॉवेलभर रक्त जाऊनही जखम साधीच असू शकते. पाच टाके पडले म्हणून ती जबर होत नाही, आणि पेशंट सोळा दिवस वॉर्डात राहिला म्हणूनही नाही. कायदा रुग्णालयातले दिवस मोजत नाही. तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम करता न येणं मोजतो. कोर्टाची केस आहे म्हणून खाट अडवून राहणारे पेशंट प्रत्येक सरकारी डॉक्टरनं पाहिलेले असतात.

सगळ्यात जास्त अतिशयोक्ती होते ती ‘वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यू होऊ शकला असता’ या वाक्यात. हे वाक्य जवळपास कुठल्याही जखमेला लावता येतं. उपचार न केलेल्या खरचटण्यातूनही धनुर्वात होऊ शकतो. जिवाला धोका म्हणायचा तर तो तपासणीच्या वेळी दिसला पाहिजे: रक्तदाब कोसळलेला, पोटात रक्त साठलेलं, छातीत हवा शिरून श्वास कोंडलेला, मेंदूवर गाठ दाबणारी. यातलं काही असेल तर डॉक्टरनं ते आकड्यांसह लिहावं आणि मग ‘जिवाला धोका निर्माण करणारी’ म्हणावं. माझ्या मते या एका वाक्यानं जितके खटले बिघडले, तितके खोट्या साक्षीनंही बिघडले नसतील. वाक्य खूप मोठं आणि आधार काहीच नाही, हे बचाव पक्षाच्या वकिलानं एकदा दाखवून दिलं की न्यायाधीश त्याच दाखल्यातल्या खऱ्या हाडमोडीकडेही संशयानं पाहू लागतात. वाढवून लिहिल्याचा फटका पुष्कळदा जखमीलाच बसतो.

मत किती ठाम द्यावं यासाठी एक चांगली पट्टी आहे. छळ झालेल्यांच्या वैद्यकीय तपासणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ तयार केला, त्यात पाच पायऱ्या दिल्या आहेत. हकीकतीशी विसंगत. सुसंगत, म्हणजे तशी होऊ शकते पण इतर पुष्कळ कारणांनीही होऊ शकते. बरीच सुसंगत, म्हणजे इतर कारणं थोडीच. ठरावीक, म्हणजे अशा इजेत सहसा हेच दिसतं. आणि शेवटची निर्णायक, म्हणजे दुसऱ्या कशानेही होणं शक्य नाही. ही पट्टी आपल्याकडच्या मारहाणीच्या केसला लावायला कोणाची ना नाही. आपल्या पेशंटच्या पाठीच्या रेषा काठीच्या फटक्याच्या दृष्टीनं ‘ठरावीक’. हाताचं हाड ‘बरीच सुसंगत’. डोक्याची जखम काठीशी ‘सुसंगत’, कोयत्याच्या धारेशी ‘विसंगत’. ‘निर्णायक’ अशी त्याच्या अंगावर एकही जखम नाही, आणि ते तसं सांगायला कमीपणा नाही.

काही दिवसांनी पोलीस जप्त केलेला मुद्देमाल घेऊन येतात. एक कोयता, एक बांबूची काठी, सीलबंद, लेबल लावलेली. सोबत पत्र: ‘सदर हत्याराने जखमा होऊ शकतात किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’ डॉक्टरनं सील शाबूत असल्याची नोंद करावी, काठीची लांबी आणि जाडी मोजावी आणि लिहावं की तिन्ही जखमा अशा प्रकारच्या काठीने होऊ शकतात. ‘याच काठीने झाल्या’ असं लिहिणं त्याच्या हातात नाही. काठीवर रक्त असेल तर ते कोणाचं, हे न्यायसहायक प्रयोगशाळा सांगेल. डॉक्टरचे शब्द आणि न्यायालयाचे शब्द वेगळे असतात. ‘हल्ला’, ‘खुनाचा प्रयत्न’, ‘स्वसंरक्षण’, ‘बलात्कार’ हे कायद्याचे निष्कर्ष आहेत, त्यांना दाखल्यात जागा नाही. आढळलेल्या आणि न आढळलेल्या खुणा तेवढ्या असाव्यात.

मग तीन-चार वर्षांनी समन्स येतं. डॉक्टरची बदली झालेली असते, पेशंटचा चेहराही आठवत नाही. सरतपासात सरकारी वकील त्याच्याकडून दाखला वदवून घेतात. उलटतपासात बचाव पक्षाचे वकील तोच नेहमीचा प्रश्न विचारतात: ‘डॉक्टर, या जखमा पडल्याने होऊ शकतात, हे खरं आहे का?’ घाबरलेला डॉक्टर इथे ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि अडेलतट्टू डॉक्टर ‘अजिबात नाही’ म्हणतो. दोघांचंही चुकतं. आपल्या दाखल्यातली निरीक्षणं पुरेशी असतील तर उत्तर समोरच असतं. डोक्याची जखम एकटी पाहिली तर पडूनही होऊ शकते. पाठीच्या दोन समांतर रेषा सपाट जमिनीवर पडून होणं फार कठीण. हाताचं हाड धारेवर आपटून मोडू शकतं. पण डोक्याची डावी बाजू, पाठीची उजवी बाजू आणि डाव्या हाताची बाहेरची कड, तिन्ही एकाच पडण्यात होणं संभवत नाही. असं उत्तर देणाऱ्या साक्षीदाराला कोणत्याही बाजूचा वकील फार वेळ उभं ठेवत नाही.

राहता राहिली बाहेरच्या व्हरांड्यात उभी असलेली पेशंटची माणसं. ती डॉक्टरला गाठतात आणि आर्जव करतात, ‘साहेब, जरा कलम लागेल असं लिहा.’ त्यांचा राग, भीती, सगळं समजण्यासारखं आहे. पण तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर डॉक्टरला शब्द वाढवायला सांगू नका. उलट टाके घालण्याआधी जखम मोजली का, फोटो काढला का, सगळ्या जखमा अंग उघडं करून पाहिल्या का, रक्ताचे कपडे पोलिसांच्या ताब्यात गेले का, एक्स-रेचा क्रमांक दाखल्यावर आला का, हे विचारा. आणि हकीकत सांगताना जे दिसलं तेच सांगा. कोयता दिसला नसेल तर कोयत्याचं नाव घेऊ नका.